जावेचा गाऊन

बोलताना तोंडात टाचण्या धरायची सवय, म्हणून गल्लीतले सगळे तिला टाचणीच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचा आखडलेला हात बाहीतून काढताना टाचणीच्याच जिवाचं पाणी व्हायचं. म्हणून तिने एक गाऊन शिवला. दोन्ही खांद्यांवर आणि एका कुशीला टिचबटणांनी उघडणारा, पाठीखाली एकही शिवण न येणारा. माणसाला न उचलता अंगावर चढायचा. सासूबाई गेल्या, पण गाऊनची मागणी वाढली. जवळच्या रुग्णालयातल्या वॉर्डच्या सिस्टर दर महिन्याला काही गाऊन घ्यायच्या.

एकदा घरची सगळी जेवायला जमली असताना धाकट्या जावेने विचारलं, "ताई, पाठीची शिवण वळवलीत तरी कुठे?"

कौतुकाने विचारणारी मिळाली म्हटल्यावर टाचणी फुलली. टेबलावर बोट फिरवून तिने काप कसा घ्यायचा ते सगळं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात नवरा म्हणाला, "धाकटी बटणांच्या दुकानात भेटली. टिचबटणं घेत होती. पिशवीभर."

टाचणीच्या हातातली कात्री थांबली. धाकटीचं स्वतःचं कपड्यांचं दुकान होतं, हाताखाली शिवणाऱ्या बायका होत्या, जीभ तर अशी गोड की गिऱ्हाईक विसरून दोन कपडे जास्त घेऊन जाई. टाचणीला हे सगळं नेहमीच टोचायचं. आता मात्र ते पोटात जाऊन बसलं. अर्धवट गाऊनवर ती चादर टाकू लागली. शेजारीण आली की पुढच्या खोलीचं दार लोटून घ्यायची.

आखडलेल्या पायांसाठी तिने नवा प्रकार शिवला होता. सिस्टर म्हणाल्या, "इथे ठेवून जा, दोन रुग्णांना घालून बघते."

"ठेवणार नाही. मी असतानाच बघा."

"अगं, रुग्णांना अंघोळ घालून कपडे बदलायची वेळ मी तुझ्या सोयीने ठरवू? नको मग."

ऑर्डर हुकली. घरी येऊन तिने खापर धाकटीवरच फोडलं.

शेवटी ती ओळखीच्या वकीलबाईंकडे गेली. "माझी कल्पना तिने चोरली. अडवा तिला."

वकीलबाईंनी गाऊन उलटसुलट पाहिला. "विकायच्या आधी आला असतात तर डिझाइनची नोंदणी करता आली असती. आता बाजारात आणून बसलात, बहुतेक उशीर झाला. आणि नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते. जे उसवून कळतं ते लपवायचं कशाला? उसवूनही कळत नाही असं काय आहे तुमच्याकडे?"

टाचणीने गाऊनची कड चिमटीत धरली. "कापड. कुठून आणते, कापायच्या आधी त्याला काय काय करते, ते. म्हणून तर धुऊन धुऊन आटत नाही, अंगाला खरखरत नाही."

"कुणाला सांगितलंय?"

"नवऱ्यालाही नाही."

"मग ते सांभाळा. मदतीला बाई ठेवलीत तर बाहेर सांगणार नाही असं तिच्याकडून लिहून घ्या. गाऊनला नाव द्या, त्या नावाची नोंदणी करू. बाकीचं खुशाल दाखवा."

एवढ्याने मत्सर जातो थोडाच! धाकटीचा गाऊन दुकानात लागला त्याच दिवशी टाचणीने शेजारणीकडून एक आणवला आणि उसवायला घेतला. कापड जाड होतं. धुतल्यावर कड आखडली तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने यंत्रावर थाप मारली. मग कुशीकडे तिची नजर गेली. लघवीची नळी बाहेर काढायला तिथे एक झाकलेली फट होती. साधी, नेमकी.

तिच्या मनात कळ उठली. इतकी वर्षं रुग्णांचे गाऊन शिवतेय, हे मला सुचलं नाही! चोरी झाली त्याहून हे जास्त झोंबलं.

दोन दिवस ती धुसफुसली. मग तिने स्वतःच्या गाऊनला तशीच फट ठेवली आणि आखडलेल्या पायांचा तो नवा नमुना सिस्टरकडे ठेवून आली. स्वतःहून, चार दिवसांसाठी. सिस्टरनी तो परत दिला तेव्हा गुडघ्याजवळ बटण टोचतं म्हणून खूण करून दिली होती. टाचणीने बटण सरकवलं. या वेळी ऑर्डर आली.

धाकटी एक दिवस दारात उभी राहिली. "ताई, फट माझी आहे हं."

"आणि पाठ कुणाची?" टाचणी टाचण्यांमधूनच बोलली.

धाकटी हसली. मग हळूच विचारलं, "तुमचं कापड आटत कसं नाही हो?"

टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून उशीत खोचल्या. "बाकी काहीही विचार," ती म्हणाली, "चहा घेणार?"

धाकटी बसली. तिच्या नव्या घड्याळाकडे टाचणीने दोनदा पाहिलं.