निळा उजेड

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीची दुकानं संपली की एक अरुंद जिना लागतो. त्या जिन्याखालच्या गाळ्यात ताजुद्दीनचाचा गेली एकेचाळीस वर्षं बसतात. आधी टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर गेले, तेव्हा लोक म्हणाले, आता चाचा घरी बसणार. चाचा कुठले बसतात! त्यांनी कीबोर्ड उघडायला घेतले. माणूस मोठा हट्टी, आणि हट्टी माणसाचं एक बरं असतं, त्याला संपलं म्हणून सांगितलं तरी पटत नाही.

कीबोर्डातही त्यांचा जीव जडला तो मेकॅनिकलवर, कारण त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. गिऱ्हाइकाला समजावं म्हणून काउंटरवर त्यांनी एका लाकडी पट्टीवर तीन स्विच बसवून ठेवले होते. बटणाच्या टोपीखाली लाल दांडा असलेला लिनिअर, तो दाबला की सरळ खाली जातो, मधे कुठं अडत नाही. तपकिरी टॅक्टाइल, त्यात अर्ध्या वाटेवर बोटाला बारीकसा उंचवटा लागतो. आणि निळा क्लिकी, त्यात उंचवटाही लागतो आणि वर टिक् असा आवाजही येतो. "रंग बघा, जात कळते," असं चाचा म्हणायचे. मग पवना धरणापासून वडगावापर्यंतची पोरं बटणावरच्या टोप्या काढून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला लागली, आणि चाचा चष्मा कपाळावर चढवून एका नजरेत निकाल द्यायला लागले. या गोष्टीचा त्यांना गर्व होता. असू दे की, एवढ्याशा गाळ्यात बसणाऱ्या माणसाला एखादा गर्व नको?

प्रतीक्षा त्यांच्याकडे आली ती दोन वर्षांपूर्वी. ती लोहगडवाडीची. वडील निवृत्ती किल्ल्याच्या पायथ्याला पिठलं-भाकरीचं दुकान चालवतात. ती तळेगावच्या एका कारखान्यात लागली होती, तिथं प्रेसखाली उजवा हात सापडला. बोटं वाचली, पण तीन बोटांच्या शेंड्यांची जाणीव गेली. गरम भाकरीला हात लागला तरी तिला भाजल्याचं कळत नव्हतं. पोरीनं रडारड केली नाही. ती टायपिंग शिकायला लागली, आणि तिथंच तिचं अडलं. साध्या मऊ कीबोर्डवर बटण लागलं की नाही, हे तिला कळेच ना. नजर कागदावरच्या मजकुरावर, बोटं मुकी, मग कळणार कशानं?

चाचांनी तिला निळ्या स्विचचा एक जुना कीबोर्ड काढून दिला. त्यात बटण उमटतं त्याच सुमाराला टिक् वाजतं. म्हणजे बोटाचं काम कानानं करायचं. प्रतीक्षानं पहिली ओळ मारली आणि चाचांकडे बघून हसली. त्या दिवशी घरी गेल्यावर चाचांनी बायकोला, रोशनबींना, ही गोष्ट तीनदा सांगितली.

पुढं तिनं पुण्याच्या एका कार्यालयातल्या लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी लेखी परीक्षा पास केली. राहिली टायपिंगची चाचणी, मिनिटाला तीस शब्द. स्वतःचा कीबोर्ड आणायची परवानगी होती. वयाच्या हिशेबानं ही तिची शेवटची संधी होती. सरावात तिची गती चौतीसवर गेली होती. सगळं कसं छान जुळून आलं होतं.

आणि चाचणीला पाच दिवस उरले असताना माकडानं वडिलांच्या दुकानातून तिची कीबोर्डची पिशवी पळवली. त्याला वाटलं, आत खायला असेल. खायला नाही म्हटल्यावर मेल्यानं ती किल्ल्याच्या तटावरून खाली दरीत भिरकावली. निवृत्ती दोर घेऊन उतरले आणि ओंजळभर बटणं घेऊन वर आले. "येवढंच घावलं बघा, चाचा," म्हणून त्यांनी ती काउंटरवर ओतली.

चाचांकडं दुसरा क्लिकी कीबोर्ड नव्हता. नवा मागवावा तर तो चाचणी झाल्यावर हातात पडणार होता. तेवढ्यात प्रतीक्षाला वडगावच्या निलेश नावाच्या पोराची जाहिरात दिसली, जुना मेकॅनिकल विकायचा आहे म्हणून. कीबोर्ड त्याच्या भावाचा, त्याला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तसं त्यानं सांगितलंही. टोप्या काढून फोटो पाठव म्हटल्यावर त्यानं पाठवला. कीबोर्ड चालू आहे हे दिसावं म्हणून बिचाऱ्यानं आतले दिवेही लावले.

प्रतीक्षानं फोटो चाचांपुढं धरला. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. दांडे निळे होते.

"क्लिकी आहे. घेऊन टाक."

"चाचा, त्याला बटणाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगू का?"

"आवाज कशाला? फोटोत दिसतंय ना."

तिनं लगेच निलेशला हो कळवलं. चाचांचा शब्द म्हणजे तिला पक्की पावती होती. पण चाचांच्या पोटात काय होतं, ते एकट्या रोशनबींना ठाऊक होतं. दीड-दोन वर्षांपासून चाचांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. माणूस समोर बसून बोलला तर कळायचं, पण घड्याळाची टिकटिक गेली, नातीच्या पैंजणांचा आवाज गेला, आणि निळ्या स्विचचा टिक् सुद्धा गेला. रोशनबी म्हणाल्या होत्या, डॉक्टरला दाखवा. चाचा म्हणाले होते, बाजारात कळलं तर माझ्याकडं कीबोर्ड कोण आणेल? हे फोटोचं कौतुक त्यांनी एवढं वाढवलं होतं, ते त्यासाठीच. आवाज मागवला असता तर त्यांना तो ऐकल्याचं सोंग करावं लागलं असतं.

कीबोर्ड आला तो चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी, निलेशच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याबरोबर. विसर्जनाचा दिवस होता, रस्त्यावर ढोल वाजत होते. प्रतीक्षा यायची होती. चाचांनी खोकं उघडलं आणि एक बटण दाबलं. बोट सरळ खाली गेलं. क्लिकीत मधे लागायला हवा तो उंचवटा लागला नाही. त्यांनी दुसरं दाबलं, मग पाच-सहा दाबली. बोटाला काही लागेना. वाटलं, आपली बोटंही गेली की काय. रोशनबी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांच्या कानाशी कीबोर्ड धरून चाचांनी पुन्हा दाबून दाखवलं.

"वाजतंय का गं?"

"नाही हो. नुसतं खाली बसतंय."

चाचांनी टोप्या उपटल्या. दिवसाच्या उजेडात दांडे पांढरेशुभ्र होते. स्विचची खोळ होती पारदर्शक, आणि आतले दिवे निळे. त्या उजेडानं पांढरे दांडे निळे दिसले होते. प्रतीक्षानं पाठवून ठेवलेला तो फोटो चाचांनी आपल्या फोनवर पुन्हा उघडला. आता त्यांना सगळं दिसलं. कीबोर्डशेजारी पडलेली वायर पांढरी होती, आणि फोटोत तीही निळी होती. धरणाऱ्याची नखंसुद्धा निळी होती. पुरावा तिथंच पडला होता, चार दिवस.

बरं, पांढरा आहे एवढं कळून तरी काय होणार होतं? एका कंपनीचा पांढरा लिनिअर असतो, दुसरीचा क्लिकी. खोळीवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, ते वाचायचं असतं. फोटोत नेमकं त्या नावावर दिव्याचं चकाकणं आलं होतं. 'दिवे बंद करून जवळून एक फोटो दे,' एवढं म्हणायचं होतं. तेही त्यांनी म्हटलं नव्हतं.

प्रतीक्षा आली. तिनं एकच बटण दाबलं आणि हात मागं घेतला. चाचांनी तिला दिव्यांचं सगळं सांगितलं. कानाचं तेवढं सांगितलं नाही.

मग चाचांनी पुण्याला फोन लावले. विसर्जनामुळं बाजार बंद होता. एक ओळखीचा दुकानदार घरी सापडला, त्याच्याकडं फक्त लाल होते. स्विच बदलावेत, तर ते सोल्डर करून पक्के केलेले, आणि पट्टीवरचा एक सोडला तर चाचांकडं निळे होते कुठं? शेवटी ते तिला म्हणाले, बटण तळाला टेकेपर्यंत दाब, तिथं ठक् होतं, तो आवाज धर. प्रतीक्षा बसली. तळापर्यंत दाबायचं तर गती जात होती. बोटं हलकी ठेवावीत, तर ती मुकी बोटं कुठं टेकलीत तेच तिला कळत नव्हतं, आणि तो स्विच इतका हलका की नुसत्या टेकण्यानं पडद्यावर ककककक अशी ओळ उमटत होती. ती खोडायची आणि पुन्हा बसायची. चाचा शेजारी उभे होते. त्यांना नुसती बोटं हलताना दिसत होती. एवढा जुना कारागीर, हाताशी सगळी हत्यारं, आणि करण्यासारखं काही म्हणून काही नव्हतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला, पण रागानं कुठं स्विच वाजतात?

दुसऱ्या दिवशी ती तोच कीबोर्ड घेऊन गेली. अकरा दिवसांनी निकाल लागला. सव्वीस शब्द.

ती तो कीबोर्ड चाचांकडं ठेवायला आली तेव्हा गाळ्यात दुसरं कुणी नव्हतं. चाचा पाठमोरे बसून एका डब्यात स्क्रू शोधत होते. ती काउंटरशी थांबली. हाक मारायला तिला सुचेना, म्हणून हात सहज त्या लाकडी पट्टीकडं गेला. तिनं निळा स्विच दाबला. टिक्. चाचा वळले नाहीत. तिनं पुन्हा दाबला, मग दाबतच राहिली. बाहेर जिन्यावरून उतरणाऱ्या एका बाईनं आत डोकावून पाहिलं. चाचा वळले नाहीत.

स्क्रू सापडला तेव्हा ते मागं फिरले. ती उभी दिसली. तिचं बोट निळ्या स्विचवर होतं, खाली-वर होत होतं. चाचा त्या बोटाकडं बघत राहिले. त्यांना कळलं, हिला कळलं.

"चाचा," ती म्हणाली, "तुमाला ऐकू येत नव्हतं तर सांगायचं ना. माझे कान चांगले हायेत. मी ऐकलं असतं."

खरंच की. चार दिवसांत हे एकदाही चाचांच्या डोक्यात आलं नव्हतं. ऐकणारी समोर उभी होती, फोन तिच्याच हातात होता, आणि त्यांनी तिला ऐकू दिलं नव्हतं.

तिनं कीबोर्ड काउंटरवर ठेवला, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाली, दुकानात आज गर्दी आहे, आबा एकटेच आहेत, निघते. चाचा जिन्यापर्यंत तिच्या मागं गेले. थांब म्हणावंसं वाटलं, पण थांबवून सांगायचं काय?

ते परत येऊन बसले तेव्हा काउंटरवर फोनचा पडदा उजळला होता. कार्ल्याच्या कुणा पोरानं फोटो पाठवला होता, टोप्या काढलेला, दांडे तपकिरी की लाल ते नीट कळत नव्हतं. खाली लिहिलं होतं, चाचा, कुठला आहे? चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा डोळ्यांवर घेतला. उत्तर न देता त्यांनी फोन पालथा घातला, आणि रोशनबी डबा घेऊन कधी येतात त्याची वाट बघत बसले.