एकच ओळ उरली

आमच्या मावशीला ऑफिसात ‘कुलूपबाई’ म्हणतात. हॉस्पिटलचा डेटाबेस ती सांभाळते, आणि घरी साखरेच्या डब्यालाही झाकण दोनदा दाबून लावते. आई म्हणते, हिच्या पोटातलं काढायचं तर डॉक्टर लागेल.

कॉलेजच्या टर्म रिपोर्टात माझ्या वाट्याला डेटाबेसमधल्या गोपनीयतेचा भाग आला, म्हणून सुट्टीत मी तिच्याच हाताखाली काम मागितलं. गुप्तता पाळण्याच्या कागदावर सही करून घेतल्याशिवाय तिने मला खुर्चीसुद्धा दिली नाही. भाची असले म्हणून काय झालं!

“डिस्कवरची माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असते. डिस्क चोरली तरी चोराच्या हाती नुसता गाळ लागेल, कारण किल्ली दुसऱ्या मशीनवर आहे,” ती म्हणाली. “पण पासवर्ड टाकून रीतसर आत आलेल्याला सगळं उघडंच दिसतं. म्हणून नवीन प्रोग्राम तपासणाऱ्यांना फोन नंबर झाकून देतो, शेवटचे दोन आकडे फक्त. आणि बाहेरच्या संशोधकांना द्यायचं तेव्हा माणूसच पुसायचा.”

संशोधकांना द्यायची फाईल तयार होती. नाव, फोन, पत्ता, सगळं काढलेलं. उरलं होतं वय कळावं म्हणून जन्मतारीख, भाग कळावा म्हणून पिनकोड, स्त्री की पुरुष, आणि आजार.

“बघ कोणी सापडतंय का,” असं म्हणून ती चहा आणायला गेली.

जन्मतारीख मला पाठ होती ती तिचीच. तारीख टाकली, आम्हा दोघींचा एकच असलेला पिनकोड टाकला, स्त्री. हजारो ओळींतून एकच ओळ उरली. आजाराच्या रकान्यात लिहिलं होतं: स्तनाचा कर्करोग, उपचार चालू. डोळे मिटायच्या आत वाचून झालं होतं.

मावशी कप घेऊन आली. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

तिने कप खाली ठेवला. “नाव काढलं की काम झालं असं वाटलं मला. इतकी वर्षं हेच करतेय, आणि स्वतःलाच विसरले.”

मग ती कामाला लागली. जन्मतारखेच्या जागी दहा-दहा वर्षांचे वयोगट, पिनकोडचे पहिले तीनच आकडे. एका गटात सगळ्यांना एकच आजार निघाला तर तो गटही उघडा पडतो, म्हणून तेही तपासलं. मी पुन्हा शोध घेतला. या वेळी स्त्रियांचा मोठा घोळका आला, आजार निरनिराळे.

“आता सांग, यातली मी कोणती?”

“नाही सांगता येत.”

“झालं तर मग. फाईल पाठवू.” तिने स्क्रीन बंद केली. “तुझ्या डोक्यातलं मात्र मला पुसता येणार नाही.”

“आईला सांगणार नाही मी.”

“ते मी सांगेन, माझ्या वेळेला,” कुलूपबाई म्हणाली. तिने गार झालेला चहा माझ्याकडे सरकवला. “तू गुरुवारी रिकामी आहेस का? त्या सलाईनच्या खोलीत एकटीला फार वेळ बसावं लागतं.”