स्टार्च केलेले लंगोट

राइट टाउनमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाळाच्या लंगोटांवर सर्वात जास्त बोलत ते माझे सासरे. लंगोट धुण्याचा अनुभव शून्य, त्यामुळे मतं अगदी पक्की.

माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारपासून सासू-सासरे दीक्षितपुऱ्याहून रोज ऑटोने येऊन नातीला सांभाळणार होते. सासऱ्यांची अट एकच. "डायपर नाही. काहून पोरीले प्लास्टिकात बांधून ठेवता? हिनं तिन्ही पोरं लंगोटावरच वाढवली." 'हिनं' म्हणताना ते सासूबाईंकडे बोट दाखवत. सासूबाई लसूण सोलत राहत.

दिवस थंडीचे. बाल्कनीत एक बादली ठेवली की माणसाला जागा उरत नसे, आणि लंगोट काही वाळत नसत. मग खोलीत दोरी बांधून तिच्यासमोर बिनपाण्याचा कूलर लावायचा आणि आम्ही स्वेटर घालून बसायचं. नवरा या वादात तटस्थ होता. तटस्थ माणसाला बादली उचलावी लागत नाही.

ऑफिसला जाण्याआधी धुणं, आल्यावर पुन्हा धुणं, हे मला झेपणार नव्हतं. शनिवारी दोघं भेटायला आले, तेव्हा मी सांगून टाकलं, "बाबा, असंच असेल तर मला नोकरी सोडावी लागेल." सांगताना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"अरे, एवढंच ना? चलो, उद्या मी धुतो," सासरे म्हणाले.

रविवारी येऊन त्यांनी खरंच धुतले. पण धुतलेला कपडा म्हणजे धोब्याकडून येणारा आपला कडक सदरा, एवढीच त्यांची कल्पना. माझ्या सुती साड्यांसाठी आणलेलं स्टार्च त्यांना फळीवर सापडलं. कूलरच्या वाऱ्यावर संध्याकाळपर्यंत लंगोट दोरीवर पापडासारखे ताठ. त्यांनी स्वतःच्या हातांनी एक नातीला बांधला. ती किंचाळली. मांड्यांवर लाल ओरखडे उठले.

"कडक कपडा नीट बसते," सासरे पुटपुटले.

सासूबाईंनी लसूण बाजूला ठेवला. लंगोट सोडला, कोमट पाण्याने बाळाला पुसून कोरडं केलं, थोडा वेळ उघडंच राहू दिलं. मग घरून आणलेल्या आपल्या पिशवीतून डायपरचं नवंकोरं पाकीट काढलं.

"अहो, तिन्ही पोरांचे लंगोट धुता धुता हात फुटले माहे. तवा मले कोणी विचारलं नाही. उद्यापासून पोरीले मी सांभाळीन, तर मीच ठरवीन. वाळलेले लंगोट असले तर लंगोट, नाही तर हे. ओलं झालं की लगेच बदलायचं, बस." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे लावतात कसं? दाखव मले."

मी दाखवलं. त्यांनी दोन्ही पट्ट्या चिकटवल्या आणि थांबल्या. अजून काहीतरी असेल असं त्यांना वाटलं असावं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. सासरे उठले आणि स्टार्च काढायला लंगोट पुन्हा बादलीत भिजवू लागले.