रुजू झाल्याची तारीख

बाभुळगावच्या आमच्या कॉलेजात नोकरीचे दाखले मीच टाइप करते. गेल्या ऑगस्टात घरकर्जासाठी बँकेने माझाच दाखला मागितला, तेव्हा मी प्राचार्यांना रीतसर अर्ज दिला. दाखला लेटरहेडवर, शाखाधिकाऱ्यांच्या नावे हवा. त्यात पद, मानधन, रुजू झाल्याची तारीख, खाली सही-शिक्का. शुक्रवारपर्यंत. मसुदाही जोडला, त्यात चौदा वर्षांपूर्वीचा जून लिहिला होता.

प्राचार्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "बाई, तुमची ऑर्डर अकरा महिन्यांची. मग खंड पडते, मग नवी ऑर्डर. रेकॉर्डवर आहे थेच लिहा लागते."

"खंडातही मी येतच होती ना, सर. नाहीतर निकाल कोणी वाटले?"

त्यांनी मसुदा माझ्याकडे परत सरकवला. माणूस वाईट नाही, म्हणून भांडताही येईना.

मी जागेवर येऊन तारीख बदलली. त्याच वर्षीचा जून. म्हणजे नोकरी दोन महिन्यांची. सही झाली, शिक्का मीच मारला. जावक नोंदवहीत नोंद करताना सहज मागची पानं उलटली. चौदा वर्षांचं प्रत्येक पान माझ्याच अक्षरात होतं.