घर्षण नसतं म्हणून

जळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचं ते माझं दुसरं वर्ष. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक म्हणून धुळ्याहून कोण येणार, तर ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते माझेच सर! आठवडाभर मी नुसती मिरवत होते. शिपायाकडून काचेची कपाटं पुसून घेतली, जेवणाला शेवभाजी ठरवली आणि मुलांना दम भरला, "माझं नाक कापू नका." ते काम मी स्वतःच आधी करून ठेवलंय, याचा मला पत्ताही नव्हता.

तोंडी परीक्षेला मी सरांच्या शेजारी बसले. पहिल्याच मुलीला त्यांनी विचारलं, "एक गरम बाजू, एक थंड बाजू. या दोन तापमानांमध्ये चालणारं कुठलंही इंजिन रिव्हर्सिबल इंजिनाच्या, म्हणजे जसंच्या तसं उलटंही चालवता येणाऱ्या इंजिनाच्या पुढे का जाऊ शकत नाही?"

"कारण रिव्हर्सिबल इंजिनात घर्षण नसतं," ती खडाखडा म्हणाली.

"बरं, दुसऱ्यातही घर्षण नाही असं धरू. आणि वाफेऐवजी त्यात ईथर भरलं, तर?"

"मग ते पुढे जाईल, सर."

सरांनी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. दुसरीनेही तेच सांगितलं, तिसऱ्यानेही तेच. शब्दसुद्धा बदलत नव्हता, कारण वाक्य माझं होतं. मी ते फळ्यावर लिहून सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं होतं. माझे कान तापले. काठावरची पाच-सहा मुलं या एका प्रश्नावर नक्की बुडणार होती, आणि मी आपली पदर सावरत बसले होते.

मग अमळनेरकडचा एक उंच मुलगा आला. त्यानेही घर्षण म्हटल्यावर सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"गरम बाजू चारशे अंश, थंड तीनशे, निरपेक्ष शून्यापासून मोजलेले. रिव्हर्सिबल इंजिन शंभर भाग उष्णतेतून काम किती देईल?"

"पंचवीस, सर. पंचाहत्तर थंड बाजूला जातील."

"माझं एक इंजिन आहे, ते शंभरातून तीस देतं. सत्तरच टाकतं. त्यातल्या पंचवीस कामावर तुझं इंजिन उलटं फिरवू. काय होईल?"

मुलगा बोटं मोडत विचार करू लागला. "माझं थंड बाजूकडून पंचाहत्तर ओढेल, गरम बाजूला शंभर परत देईल. म्हणजे गरम बाजूचं गेलं तेवढं आलं."

"आणि हातात पाच भाग काम उरलं. ते कुठून आलं?"

"थंड बाजूचे... सत्तर आले, पंचाहत्तर गेले." घाईत तो घरच्या बोलीत घसरला. "बठ्ठं... सगळं थंड बाजूकडून, सर."

"बरोबर शे, भाऊ," सर हसले. "मग मेहरूणच्या तळ्यातली उष्णता ओढून पिठाची गिरणी चालव की! कोळसा नको, काही नको."

"असं होत नाही, सर."

"म्हणून माझं इंजिन खोटं. त्यात वाफ असो, ईथर असो. हे घर्षणाचं खूळ कोणी शिकवलं?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "माझंच लक्ष नव्हतं, सर."

त्याने मला झाकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी शिकवलं," मी म्हणाले. "मुलांची काही चूक नाही."

"तुम्ही? आणि तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

त्यांनी अगदी सहज विचारलं होतं. मी टेबलाकडे बघत राहिले. धुळ्याचा तो वर्ग, तो फळा, आणि 'लिहून घ्या' म्हणणारा तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. थोड्या वेळाने मान वर केली, तर सरांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

त्यांनी रबर मागितला. सगळी शून्यं खोडली, मुलांना एकेक करून परत बोलावलं आणि प्रत्येकाकडून ते पाच भाग तळ्यापर्यंत पोचवून घेतले. शेवभाजी निवून गेली.

संध्याकाळी मी त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. धुळ्याची गाडी लागली होती. वाटेत एकमेकांकडे बघायचीही चोरी झाली होती.

"मला ते मागाहून कळलं," खिडकीतून ते म्हणाले. "पुढच्या वर्गांना नीट शिकवलं. पण तुमचा वर्ग तोवर बाहेर पडला होता." मग जरा थांबून, "त्या वर्गातले मास्तर किती झाले गं?"

मी बोटांवर मोजायला लागले. चोपड्याला एक, भुसावळला दोघं, शिरपूरला ती माझी मैत्रीण. गाडी हलली तरी माझं मोजून झालं नव्हतं.