ऐंशी अक्षरांत चेअरमनसाहेब

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्याच्या दुप्पट मानपत्रं लिहिली. सत्कार, एकसष्टी, निवृत्ती, पुतळ्याचं अनावरण, कुणीही यावं आणि माझ्याकडून दोन पानं भरून न्यावीत. मानपत्राचं एक शास्त्र असतं. आधी वंदन, मग गौरव, मग परत वंदन, आणि माणसानं नेमकं काय केलं ते शेवटच्या परिच्छेदात, जागा उरली तर. या विद्येचा मला गर्व होता. तो उतरवायला माझी सख्खी पुतणी पुण्याहून परत आली.

ती तिथल्या एका कंपनीत होती. नोकरी सोडून कसबा बावड्यात माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या घरी वरच्या खोलीत बसली आणि तिनं म्हशींसाठी ॲप बनवलं. म्हशींसाठी म्हणजे म्हशीवाल्यांसाठी, पण दादा चारचौघांत "म्हशींसाठी" असंच सांगायचा आणि वर बघायचा. दोघांत ठरलं होतं ते एवढंच, की दिवाळीपर्यंत लोक वापरायला लागले तर ती इथं राहणार, नाहीतर कंपनीला परत येते म्हणून कळवणार. कंपनीनं जागा धरून ठेवली होती. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि लोक काही वापरत नव्हते.

ॲप चांगलं होतं. म्हैस माजावर कधी आली ती तारीख टाकायची, की पुढचा माज कधी अपेक्षित आहे त्याची आठवण फोन आधीपासून देतो. म्हशीचा माज गाईसारखा गाजावाजा करून येत नाही. पुष्कळदा तो मुकाच असतो. दावणीला उभ्या म्हशीकडं बघून कळत नाही, आणि कळेपर्यंत तो जातो, म्हैस गाभण राहायची राहते. पुढची पाळी एकवीस दिवसांनी. एवढं सगळं मला माहीत होतं, कारण पुतणीनं मला समजावून सांगितलं होतं. तरीही स्टोअरवर टाकायचा मजकूर लिहिताना मी यातलं काही म्हणजे काही लिहिलं नाही.

वडगावजवळच्या एका दूध संस्थेच्या चेअरमननं तिला चाचणी करायला स्वतःच्या सभासदांचे गोठे दिले होते, आणि जमलं तर संस्थेतर्फे सगळ्यांना ॲप द्यायचा ठराव आणू, असा शब्दही दिला होता. म्हटलं, एवढे उपकार झाले, पहिला मान त्यांचा. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर छोटं वर्णन लिहायला ऐंशी अक्षरांचा चौकोन असतो. लोकांना वरवर दिसतं ते तेवढंच. बाकीचं चार हजार अक्षरांचं मोठं वर्णन शेजारच्या बाणावर बोट टेकवल्याशिवाय उघडत नाही. मला चार हजार अक्षरांचा आनंद इतका झाला, की ऐंशीकडं मी दारावरच्या पाटीसारखं बघितलं. आणि त्या चौकोनाला माणुसकी नाही. मात्रा वेगळी मोजतो, वेलांटी वेगळी मोजतो, जोडाक्षर तर फोडून मोजतो. नुसत्या "क्ष"ला तीन. तरी मी हार मानली नाही. "वंदनीय चेअरमनसाहेबांच्या प्रेरणेने साकारलेला समस्त पशुपालकांचा डिजिटल सोबती." पूर्णविराम काढला की पंचाहत्तर. पुतणीला म्हटलं, बघ, एवढ्याशा जागेत मान बसवला की नाही?

ती तेव्हा दुसऱ्याच कशात गुंतली होती. "काका, मराठी तुमचं, मी बघत नाही," म्हणाली आणि टाकून दिलं.

महिनाभरानं तिनं मला वर बोलावलं. पडद्यावर आकडे होते. पान उघडून बघणारे पुष्कळ, उतरवून घेणारे हातावर मोजण्याइतके.

"म्हणजे येतात आणि जातात?" मी विचारलं.

"दारातनं जातात, काका."

खाली शेजारच्या गोठ्यातल्या मावशी दूध घालायला आल्या होत्या. पुतणीनं त्यांना स्वतःच्या फोनवर ते पान दाखवलं. "मावशी, हे काय असंल, सांगा बघू."

मावशींनी फोन लांब धरला, जवळ आणला. "चेअरमनचं कायतरी हाय."

"अजून?"

"विलेक्शन लागलंय व्हय?"

मी म्हणालो, "अहो मावशी, तो बाण दाबा, खाली सगळं सविस्तर आहे."

"मी कशाला दाबू? चेअरमनच्या भानगडीत मला न्हाय पडायचं." त्यांनी फोन परत दिला.

पुतणी हसली नाही. तिनं जिन्यातच बसून विचारलं, "मावशी, म्हशीचं सगळ्यात जास्त डोक्याला ताप काय?"

"त्यो माज की! कवा येतो, कवा जातो, कळतंय व्हय? ह्यांनी बघायचं, मी बघायचं, कुणीच बघत न्हाय. हुकला की एकवीस दिवस वाया. म्हस नुसती खाऊन उभी."

पुतणीनं वर येऊन जुनी ओळ पुसली आणि लिहिलं: "म्हशीचा माज हुकला की एकवीस दिवस वाया. आधीच आठवण येईल." त्रेपन्न भरली.

"हुकला?" मी म्हटलं. "निदान चुकला तरी घाल. आणि 'वाया' जरा... 'ऋतुचक्राचे सुयोग्य व्यवस्थापन' कसं वाटतं?"

"काका, मावशींना वाचून दाखवू का ते?"

मोठं वर्णनही तिनं उलटं केलं. आठवण कशी येते ते वर, कृत्रिम रेतनाची आणि विण्याची तारीख त्याखाली, नेट नसताना चालतं ते त्याखाली, आणि माझा सगळा गौरव उचलून तळाला. एक शब्द कापला नाही, हे सांगायला हवं. नुसता खाली नेला.

गुरुवारी दुपारी तिनं बदल पाठवला. "आता स्टोअरवाल्यांकडं तपासणीला जातो. काही तासांत होईल, नाहीतर सात दिवससुद्धा लागतात. आपल्या हातात काही नाही."

"रविवारी वडगावात मेळावा आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर बदलतेय."

रविवारचा मेळावा संस्थेचा. तालुक्यातले गोठेवाले येणार, पुतणीला दहा मिनिटं दिली होती. दिवाळीच्या आधी तिला तेवढीच एक संधी. मग म्हणाली, "चेअरमनना तेवढं सांगाल? तुमच्या शब्दाला मान आहे."

"हो. हे काय सांगणं झालं?"

शुक्रवारी सकाळी मी मोटारसायकलवर गेलो. वाटेत वाक्यं तयार केली होती: साहेब, आजकाल वाचकाला वेळ नसतो, साहेब, तळ म्हणजे पाया. संस्थेच्या दारात गाडी लावली आणि पाय जमिनीवर टेकवायच्या आत मला माझं वाक्य दिसलं. दहा फुटी फ्लेक्स. "वंदनीय चेअरमनसाहेबांच्या प्रेरणेने साकारलेला." डाव्या बाजूला साहेब हात जोडून, उजव्या बाजूला एक मुऱ्हा म्हैस, दोघांचा आकार सारखा.

"या सर, या!" साहेब स्वतः दारात. "बघितलासा? मोबाईलवरनं उतरवून घेतलं. आमच्या नातवानं दुबईला पाठवलं सगळ्यांस्नी. काय लिवलंय हो तुम्ही! कोण लिवतंय असं आता?"

पोहे आले. मग दही आलं. मी तोंड उघडलं की त्यात काहीतरी पडत होतं. शेवटी म्हटलं, "साहेब, ते स्टोअरवर जरासं..."

"ते रविवारी तुम्हीच माईकवर वाचायचं. तुमच्या फोनवरनं. तुमच्या आवाजात."

आणि मी हो म्हणालो. कारण विचारू नका. मी तीन दशकं मानपत्रं वाचली आहेत, माईक म्हटलं की माझी मान आपोआप हलते.

घरी आल्यावर पुतणीनं विचारलं, "सांगितलं?"

"बोलणं झालं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, एवढंच काय ते त्याचं कौतुक.

शुक्रवार, शनिवार मी दर तासाला स्टोअर उघडून बघत होतो. जुनीच ओळ. सात दिवस लागू देत, अशी मी तिच्याच ॲपसाठी मनोमन प्रार्थना करत होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

रविवारी वडगावच्या मंगल कार्यालयात खुर्च्या भरल्या होत्या. निम्म्या बायका. पुतणीचं बोलणं चांगलं झालं, पण जेवणाची वेळ जवळ आल्यामुळं लोक चुळबुळ करत होते. साहेबांनी माईक घेतला. "आता ॲपबद्दल जे लिवलंय ते आपले सर वाचून दाखवतील. सगळ्यांनी आपापले फोन काढा."

मी फोन उघडला. नवी ओळ आली होती.

पाठ होती ना मला जुनी, म्हणता आली असती. तोंडही उघडलं. पण समोर शे-दीडशे फोन उजळलेले, आणि प्रत्येकावर तेच. बाजूला पुतणी उभी. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला आत्ता उलगडलं, काकानं काय "बोलणं" केलं होतं ते.

"म्हशीचा माज हुकला की एकवीस दिवस वाया," मी वाचलं. "आधीच आठवण येईल."

थांबलो. पुढं नव्हतंच काही.

"वाचा की सर, पुढचं," साहेब पुटपुटले.

"पुढचं बाणाच्या आत आहे."

"मग उघडा की."

मी बाण दाबला. साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. अंगठ्यानं वर सरकवत राहिलो. आठवण गेली, रेतन गेलं, विण्याची तारीख गेली. "अजून खाली?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं. माईक चालू होता, ते सगळ्या कार्यालयानं ऐकलं. मागून कोणीतरी बाई ओरडली, "अवं सर, खालचं र्‍हाऊ द्या! एकवीस दिवसाचं ते, आठवण कशी येती ते सांगा की!" आणि खुर्च्या सरकायला लागल्या. बायका पुतणीभोवती गोळा झाल्या, फोन पुढं करून. "माझ्यावर घालून दे गं पोरी." "माझ्या दोन हायत, दोन्ही बसतील का त्यात?"

साहेब आणि मी व्यासपीठावर दोघंच उरलो. शेवटी सापडला तो परिच्छेद. साहेबांनी चष्मा लावून स्वतःचा गौरव शांतपणे पूर्ण वाचला.

"हाय की," ते म्हणाले. चष्मा काढून म्हणाले, "सर, शुक्रवारी आलासा तवाच सांगितलं असतं, तर फ्लेक्स उतरवून ठेवला असता मी." आणि जेवणाकडं गेले. माझ्याकडं न बघता. संस्थेनं त्या वर्षी ॲप स्वीकारलं नाही. ठरावच आला नाही, असं नंतर कळलं.

परतीच्या वाटेवर गाडीत पुतणी फोनवर आकडे बघत होती. एका मेळाव्यानं काय होतं, पण आकडा हलला होता, आणि माणसं आपापल्या जबाबदारीवर घेत होती, चेअरमनच्या नाही. बावड्यात पोचल्यावर तिनं दादासमोरच कंपनीतल्या वरिष्ठांना फोन लावला आणि सांगितलं, मी येत नाही, जागा दुसऱ्याला द्या.

दादानं माझ्याकडं बघितलं. संस्था हातची जाणार ती कुणामुळं, हे त्याला पुतणीकडून कळलं होतं.

"काका," पुतणी म्हणाली, "इथून पुढं कुणाला काही सांगायचं असेल तर मी सांगेन."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?