चाळिसावं मत

सातवीत असताना सरांनी मला एक प्रकल्प दिला. वर्गातल्या प्रत्येकाला आवडता विषय विचारायचा आणि छोटा अहवाल लिहायचा. आधी अपूर्णांक, तोही अतिसंक्षिप्त रूपात, आणि मग टक्के. शनिवारी केंद्रप्रमुख शाळा पाहायला येणार होते आणि अहवाल मीच त्यांच्यासमोर वाचायचा होता. देवरीकडच्या आमच्या खेड्यात असं कोणी आलं की आठ दिवस आधी भिंती झाडल्या जायच्या.

पटावर चाळीस नावं होती. गुरुवारपर्यंत एकोणचाळीस जणांना विचारून झालं. उरलेली मुलगी जंगलाला लागून असलेल्या टोलीवरची, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवरची होती. ती आईसोबत मोहफुलं वेचायला जात असल्यामुळे आठवडाभर शाळेत आली नव्हती.

एकोणचाळिसानं माझा जीव काढला. मराठीला अकरा मतं होती. ११/३९ला आणखी संक्षिप्त रूपच नाही आणि भागाकार करायला घेतला तर २८.२०५ च्या पुढेही संपेना. तेवढ्यात सुचलं, तिचं मत मराठीत टाकलं तर? बारा छेद चाळीस, म्हणजे ३/१०, म्हणजे ३० टक्के. इतिहास-भूगोल १० म्हणजे २५ टक्के, विज्ञान ८ म्हणजे २० टक्के, हिंदी ६ म्हणजे १५ टक्के, इंग्रजी आणि गणित प्रत्येकी २ म्हणजे पाच-पाच टक्के. बेरीज बरोबर शंभर. मी सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढलं.

शुक्रवारी सकाळी ती दारात उभी दिसली. प्रार्थनेच्या रांगेत मी तिच्या मागे सरकले.

"तुले मराठी आवडते न?" मी हळूच विचारलं. "हो म्हण न."

ती वळली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहू लागली.

तिसऱ्या तासाला सरांनी अहवाल वाचायला लावला. वाचून झाल्यावर वाटलं, सुटले. पण सर म्हणाले, "चांगला आहे. आता पडताळा घेऊ. मराठीवाले, हात वर."

अकरा हात. सरांनी पुन्हा मोजले. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. इतिहास-भूगोल जुळला, विज्ञान, हिंदी, इंग्रजीही जुळलं. गणिताला तीन हात वर झाले. तिसरा तिचा होता.

"मराठीत एक कमी, गणितात एक जास्त," सर म्हणाले. "कसं काय?"

मी म्हणाले, "सर, ती नव्हती. मी... मनानंच टाकलं."

"मग हे मत कोणाचं? तिचं का तुझं?"

मार बसेल असं वाटलं, पण सरांनी वही परत दिली. "उद्या सकाळपर्यंत नवीन लिहून आण. तिला सोबत घे."

मधल्या सुट्टीत आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. तिनं वही उघडून आकड्यांवरून बोट फिरवलं.

"माले मराठीत काऊन टाकलं?"

"आकडे सोपे येत होते."

"मी धडा वाचतो तं तुमी हासता. घरी आमी गोंडी बोलतो, माले तसं नाही जमत. गणितात कोणी नाही हासत."

हसणाऱ्यांत मी असायचे. "माफ कर" म्हणायचं सोडून मी फक्त पेन्सिल तिच्याकडे सरकवली. तिनं ११/४० मांडला, शंभरानं गुणून भागलं, साडेसत्तावीस आले. मग ३/४०, साडेसात. बेरीज मी दोनदा तपासली. शंभरच होती.

शनिवारी केंद्रप्रमुखांनी अहवाल शांतपणे ऐकून घेतला आणि मग विचारलं, "गणित साडेसात टक्के? म्हणजे साडेसात मुलं? अर्धं मूल कुठून आणलं?"

वर्ग हसला. मला उत्तर येत होतं, पण शुक्रवारपासून बसलेली धास्ती तशीच होती. मागून तिचा आवाज आला.

"साडेसात शंभरातले आहेत, सर. आमी चाळीसच आहो. चाळिसातले तीन."

तिच्या बोलण्याला या वेळी कोणी हसलं नाही. केंद्रप्रमुखांनी मान हलवली आणि ते पुढच्या वर्गाकडे गेले. सरांनी माझ्या वहीवर लाल शाईनं सही केली आणि प्रकल्पाचे दोन गुण कापले. का कापले ते मी विचारलं नाही.